शाई टाकीत वाळत नाही, झाकणाशी वाळते

*दादा, मी अकोल्याची, निवृत्त शिक्षिका. घरी बाटलीतून शाई भरायचा चार टाक्यांचा प्रिंटर आहे. मागे मुलीकडे चार महिने राहून आले तर काळं उमटेचना. कॉम्प्युटरवरून आठ-नऊ वेळा क्लीनिंग केलं, शाई निम्मी झाली, आणि शेवटी कारागीर म्हणाला, हेड गेलं. नवा घेतला. आता नोव्हेंबर ते मे पुन्हा घर बंद राहणार. कुणी म्हणतं शाई काढून ठेवा, कुणी म्हणतं प्लग लावूनच ठेवा. नक्की काय करून जाऊ, आणि परत आल्यावर आधी काय करू?*

ताई, शाई काढू नका. प्लग काढून ठेवा, पण आधी प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करा, आतली घरघर थांबून दिवा पूर्ण विझू द्या आणि मगच भिंतीवरच्या स्विचला हात लावा. सहा महिन्यांनी तुमचं हेड, म्हणजे कागदावर शाई उडवणारा भाग, जिवंत सापडेल की नाही, हे बरंचसं त्या दहा-पंधरा सेकंदांवर ठरतं.

असं मी ठामपणे का म्हणतो, ते एका शाळेच्या ऑफिसातल्या दोन प्रिंटरांवरून सांगतो. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा त्या ऑफिसात एकाच मॉडेलचे, एकाच महिन्यात घेतलेले दोन प्रिंटर शेजारी शेजारी होते. शाई एका खोक्यातली, टेबल एकच, पंखाही एकच. वर्षभराने मला बोलावलं. पहिला प्रिंटर दोन क्लीनिंगमध्ये स्वच्छ छापायला लागला. दुसऱ्याचं झाकण उघडलं तर हेड पट्ट्याच्या मधोमध उघडं उभं, खाली अर्धवट सरकलेला कागद, आणि हेडच्या बुडाला देव्हाऱ्यात वाळलेल्या कुंकवासारखा लाल-काळा थर. शिपायाने त्या दिवशी घाईत मेन स्विच पाडला होता आणि तेव्हा हा प्रिंटर काहीतरी छापत होता. तीन दिवस खटपट केल्यावर तीन रंग आले, पिवळा मात्र कायमचा अर्धा राहिला. शाई तीच, हवा तीच. एकाच्या हेडवर आतलं रबरी झाकण बसलं होतं, दुसऱ्याच्या हेडवर नव्हतं, एवढाच फरक.

आत काय चालतं ते थोडं सांगतो, म्हणजे पुढच्या सूचना पाठ कराव्या लागणार नाहीत. हेडच्या बुडाला सुईने टोचल्यासारखी, पण सुईपेक्षा कितीतरी बारीक भोकं असतात, त्यांना आम्ही नोझल म्हणतो. एप्सनच्या L3110 सारख्या घरगुती प्रिंटरमध्ये काळ्यासाठी १८० आणि बाकी तिन्ही रंगांसाठी प्रत्येकी ५९ भोकं असतात. त्यातून पडणारा सर्वांत लहान थेंब ३ पिकोलिटरचा, म्हणजे एका मिलिलिटर शाईत असे तेहतीस कोटी थेंब बसतील. एवढ्या भोकाच्या तोंडाशी असलेल्या शाईतलं पाणी उडायला कितीसा वेळ लागणार? शाई म्हणजे मुख्यतः पाणी, त्यात रंग, आणि ती लवकर वाळू नये म्हणून ग्लिसरीनसारखे ओलावा धरणारे पदार्थ. पाणी उडत गेलं की तिचा पाक होतो. तुम्ही लाडवासाठी पाक करता, तसाच. एकतारी असेपर्यंत थोडं पाणी घालून तो पुन्हा पातळ करता येतो. गोळीबंद झाला की पातेलं घासायला बसावं लागतं.

टाकीतल्या शाईला हा धोका नसतो, तिथे ती भरपूर असते आणि वरून बुचही असतं. हेडकडे जाणाऱ्या नळ्यांतही सहा महिन्यांत फारसं काही होत नाही. सगळा खेळ त्या शेवटच्या केसाएवढ्या अंतराचा. म्हणून छपाई संपली की हेड उजव्या कोपऱ्यात जाऊन एका चौकोनी रबरी झाकणावर बसतं. त्याला कॅप म्हणतात. रबराच्या कडा हेडच्या बुडाला चिकटतात, आत शाईने ओला स्पंज असतो, आणि त्या बंद जागेतली हवा दमट राहते. मडक्यावर ओलं फडकं गुंडाळावं तशी ही व्यवस्था. बटणाने बंद केलं की प्रिंटर हेड तिथे नीट बसवूनच झोपतो. भिंतीचा स्विच मध्येच पाडला तर हेड जिथे असेल तिथेच उघडं राहतं.

शाई काढून ठेवा म्हणणाऱ्यांचं कुठे चुकतं, तेही यातूनच कळेल. शाई काढली तरी नळ्यांच्या आणि हेडच्या आतल्या भिंतींना तिचा पातळ थर राहतोच. भरलेल्या नळीत तो ओला राहिला असता, रिकाम्या नळीत हवा मिळाल्यावर वाळतो. शिवाय परत आल्यावर सगळ्या नळ्या भरेपर्यंत शाई ओढावी लागते ती वेगळीच.

आता जायच्या आदल्या आठवड्यातली कामं. पहिलं काम नोझलची चाचणी छापणं. कॉम्प्युटरवर प्रिंटरच्या सेटिंगमध्ये `Maintenance` नावाचा भाग असतो, त्यात `Nozzle Check` सापडेल. कागदावर चारही रंगांच्या तुटक रेघांच्या पायऱ्या उमटतील. एखादी रेघ गायब असेल तर जाण्याआधीच एक-दोन वेळा क्लीनिंग करून ती आणा. आज एक भोक अर्धवट बुजलेलं असेल तर मे महिन्यात ते पूर्ण बुजलेलं मिळणार. टाक्या निम्म्यापेक्षा वर भरून ठेवा, कारण परत आल्यावर शाई ओढायची वेळ आली तर टाकीत ती असायला हवी. बुचं घट्ट लावा. आणि प्रत्येक टाकीवर आजच्या पातळीला चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावून तारीख लिहा. हा तुकडा पुढे फार कामाला येतो.

दुसरं काम कॅप ओली आणि स्वच्छ करणं. हे कंपनीच्या पुस्तिकेत नसतं आणि वॉरंटीत असलेल्या यंत्राला हात लावायचा नसेल तर सोडून दिलं तरी चालेल. पण नोव्हेंबर ते मे, तेही अकोल्यात, म्हणजे हिवाळ्याची कोरडी हवा आणि पाठोपाठ उन्हाळा, म्हणून तुम्हाला सांगतोच. पेट्रोल पंपावर बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी मिळतं, त्याची बाटली घ्या. बाटलीवर ‘डिस्टिल्ड’ किंवा ‘डीमिनरलाइज्ड’ लिहिलेलं पाहून घ्या, नुसतं ॲसिड घेऊन येऊ नका. सुई काढलेली लहान सिरिंज आणि धागे न सुटणारं कापड जवळ ठेवा. प्रिंटर चालू करा, वरचं झाकण उचला, छपाईची एखादी आज्ञा द्या आणि हेड कोपरा सोडून डावीकडे निघालं की प्लग काढा. हो, मघाशी जे करू नका म्हटलं, तेच इथे मुद्दाम पाच मिनिटांसाठी करतोय. उजव्या कोपऱ्यात आता कॅप दिसेल. ओल्या कापडाने फक्त तिच्या रबरी कडा हलक्या हाताने पुसा, स्पंजवर सात-आठ थेंब पाणी सोडा, आणि प्लग लावून बटणाने चालू करा. हेड आपोआप जागेवर जाईल. मग बटणानेच बंद करा. काही मॉडेलना झाकण उघडं असताना छापायला आवडत नाही, तुमचा त्यातला असेल तर हट्ट करू नका.

हे करताना हेडला जाणाऱ्या पांढऱ्या चपट्या केबलला आणि शाईच्या बारीक नळ्यांना धक्का लागता कामा नये. हेड कोपऱ्यात बसलेलं असताना हाताने ओढू नका, तिथे त्याला कुलूप असतं. आणि स्पिरिट, सॅनिटायझर, काच पुसायचं निळं औषध यांपैकी काहीही कॅपवर नको. सॅनिटायझरने पुसून पुसून कडक केलेली रबरं मी बदलली आहेत. कडक रबर हेडला चिकटत नाही, म्हणजे झाकण असून नसल्यासारखं.

एक गोष्ट लोक फार प्रेमाने करतात: बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या प्रिंटरच्या पोटात ठेवतात. कॅमेऱ्याला ते ठीक आहे. इथे ओलावा राखायचाय, शोषायचा नाही. कोकणात किंवा गोव्यात पावसाळाभर प्रिंटर बंद राहणार असेल तर बुरशीची भीती खरी, तरी त्यावर उपाय म्हणून सुती चादर टाकून हवेशीर कपाटात ठेवणं बरं. तुमच्याकडे उलट करा. ट्रेमधला कागद काढून घ्या, स्कॅनरचं झाकण बंद करा, सगळ्या प्रिंटरवर मोठी प्लास्टिकची पिशवी घालून तोंड खाली दुमडून टाका. याने हवा कोरडी होत नाही, धूळही बसत नाही, आणि झुरळं व पाली आत घर करत नाहीत. पालीची अंडी कागदाच्या रुळाजवळ सापडणं हे आमच्या धंद्यात नवल नाही.

ठेवायचं कुठे? माळ्यावर नाही. बहुतेक घरगुती प्रिंटरांच्या पुस्तिकेत साठवणुकीची वरची मर्यादा ४० अंशांच्या आसपास दिलेली असते, आणि तुमच्याकडे मे महिन्यात स्लॅबखालचा माळा किती तापतो ते मी सांगायला नको. आतल्या खोलीत, पश्चिमेच्या भिंतीपासून दूर, जमिनीपासून थोडं वर, आणि अगदी सपाट. टाकीवाला प्रिंटर तिरका किंवा उभा ठेवला तर शाई पाझरते. जुन्या काही टाकीवाल्या मॉडेलांना बाजूला एक छोटा खटका असतो, वाहतुकीच्या वेळी शाई अडवायचा. तो तुमच्या यंत्राला असेल आणि बंद करून जाणार असाल तर प्रिंटरवर मोठ्या अक्षरात कागद चिकटवा. आल्यावर तो खटका न उघडता क्लीनिंग केलं तर शाईऐवजी हवा ओढली जाते आणि चांगलं हेड बिघडल्यासारखं वागायला लागतं.

या सगळ्यापेक्षा सोपा उपाय एक आहे, शेजारी किल्ली असेल तर. दर पंधरा-वीस दिवसांनी कुणीतरी येऊन प्रिंटर चालू करावा, एक नोझल चाचणी छापावी आणि बटणाने बंद करावा. चाचणीच का, तर तिला शाई नगण्य लागते आणि ती चारही रंगांच्या प्रत्येक भोकातून शाई उडवते. शेजाऱ्याने आपल्या मुलाचं नुसतं काळ्या अक्षरांतलं गृहपाठाचं पान छापलं तर काळं तेवढं चालू राहील, पिवळा उपाशीच. बऱ्याच मॉडेलमध्ये ही चाचणी कॉम्प्युटरशिवाय, एक बटण दाबून धरत प्रिंटर चालू केला की निघते. तुमच्या पुस्तिकेत कोणतं बटण दिलंय ते बघून शेजाऱ्याला चिठ्ठी लिहून द्या. टायमरचा प्लग लावून हे काम आपोआप करायचा विचार मात्र डोक्यातून काढा. टायमर वीज तोडताना हेड कुठे आहे ते विचारत नाही.

आता परत आल्यावरचं. मागच्या वेळी तुमचं नुकसान बहुधा इथेच झालं, म्हणून सावकाश सांगतो.

आल्या दिवशी प्रिंटरला हात लावू नका म्हटलं तर अति होईल, पण घर उघडून, पंखा लावून, खोली निवू द्या. मग पिशवी काढा आणि आधी टाक्यांवरच्या चिकटपट्ट्या बघा. पातळी तिथेच असेल तर उत्तम. एखादीच टाकी बोटभर उतरली असेल तर ती शाई कुठेतरी गेली आहे. प्रिंटरखाली आणि झाकण उघडून आत डाग आहे का पाहा, आणि असेल तर वीज लावण्याआधी कारागिराला दाखवा. सगळं कोरडं असेल तर आत काडी-कचरा, अंडी, कागदाचा तुकडा नाही ना एवढं टॉर्चने बघून घ्या. खटका असेल तर उघडा. नंतरच प्लग, नंतर बटण. काही प्रिंटर एवढ्या मुक्कामानंतर स्वतःहून शाई ओढतात, एक-दोन मिनिटं घरघर चालते. चालू द्या, मध्ये बंद करू नका.

आणि आता क्लीनिंग नाही. आधी `Nozzle Check`. छापून आलेला कागद खिडकीशी धरून नीट वाचा. पिवळा साध्या उजेडात नीट दिसत नाही, निळ्या पारदर्शक फाइलमधून पाहिलं तर तुटलेली रेघ लगेच कळते. सगळ्या पायऱ्या पूर्ण असतील तर क्लीनिंग करूच नका, दोन रंगीत पानं छापून कामाला लागा.

काही रेघा गेल्या असतील तर एकदा `Head Cleaning`, आणि लगेच दुसरी चाचणी. दोन्ही कागद एकमेकांवर ठेवून उजेडात धरा. यात सगळं निदान आहे. रेघा कमी गायब झाल्या असतील, तर पाक एकतारी आहे, आणखी एका क्लीनिंगने बहुधा सुटेल. रेघा त्याच जागी तेवढ्याच गायब असतील, तर तिथे शाई वाळून घट्ट बसली आहे. आणि रेघा जागा बदलत असतील, म्हणजे मघाशी वरच्या चार नव्हत्या आणि आता मधल्या पाच नाहीत, तर भोकं बुजलेलीच नाहीत, हेडमध्ये हवा शिरली आहे. हवेला क्लीनिंगचं औषध लागू पडत नाही, उलट ओढाताणीत आणखी बुडबुडे होतात. तिला बसू द्यावं लागतं.

म्हणून माझा नियम असा की एका बैठकीत तीनपेक्षा जास्त क्लीनिंग नाहीत. तिसऱ्यानंतरही भागलं नाही तर प्रिंटर बटणाने बंद करा आणि किमान बारा तास विसरून जा. बारा तास हा आकडा मी काढलेला नाही, काही कंपन्यांच्या पुस्तिकेतही तेच लिहिलेलं आढळेल. तेवढ्या वेळात बुडबुडे वर सरकतात, आणि क्लीनिंगने आणलेली ताजी शाई घट्ट पाकात मुरते. लोकांना वाटतं यंत्र नुसतं पडून आहे. खरं तर काम तेव्हाच चाललेलं असतं.

त्या शाळेतल्या पहिल्या प्रिंटरचं असंच झालं. दुपारी पहिल्या चाचणीत काळ्याच्या साधारण एक तृतीयांश रेघा नव्हत्या, लाल आणि निळा पूर्ण, पिवळ्यातल्या तीन गायब. एक क्लीनिंग केलं, काळ्यातल्या सहा-सात रेघाच गायब राहिल्या, पिवळा पूर्ण झाला. दुसरं केलं, तेव्हा काळ्यातल्या पाच गायब होत्या, पण वेगळ्या जागच्या. तिथेच हात आवरला. क्लार्कसाहेब म्हणाले, अजून एक करून टाका ना. नाही केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन नुसती चाचणी काढली, सगळ्या रेघा हजर.

एका बैठकीत आठ-नऊ क्लीनिंग केल्याने काय होतं? पहिलं म्हणजे टाकीतली शाई जाते कुठे, तर कॅपच्या नळीतून प्रिंटरच्या बुडाशी असलेल्या मोठ्या शोषपॅडमध्ये. ते पॅड भरल्याचा हिशोब प्रिंटर ठेवतो आणि एका टप्प्यावर छापणंच थांबवतो. दुसरं, टाकीतली पातळी फार खाली गेली की पुढच्या ओढीला हवा शिरते. मग वाळलेल्या शाईचा आजार बाजूला राहतो आणि हवेचा नवा आजार जडतो. तुमचा जुना प्रिंटर मी पाहिलेला नाही, पण निम्मी शाई जाऊनही काळं आलं नाही म्हणजे एकतर भोकं पार बुजली होती, किंवा कॅप शाई ओढतच नव्हती. हे दुसरं कुणी तपासत नाही, आणि तपासणं तर सोपं आहे.

तपासायचं असं. मघाच्याच युक्तीने हेड डावीकडे असताना प्लग काढा आणि कॅपच्या स्पंजवर डिस्टिल्ड पाणी काठोकाठ सोडा, सांडेल इतकं नको. प्लग लावून चालू करा, एक क्लीनिंग होऊ द्या, आणि पुन्हा हेड हलवून आत बघा. पाणी गेलेलं असेल तर क्लीनिंगच्या वेळी शाई ओढणारा कॅपखालचा पंप चालू आहे, दोष भोकांत आहे. पाणी जसंच्या तसं उभं असेल तर कॅपखालची नळी किंवा पंप चोंदला आहे, आणि तुम्ही शंभर क्लीनिंग केली तरी भोकांपर्यंत ओढ पोचणार नाही. हे काम कारागिराचं, पण ‘हेड गेलं’ त्याच्यापेक्षा फार स्वस्तातलं.

पंप चालू आहे आणि रेघा मात्र त्याच जागी हट्टाने गायब, असं असेल तर भिजवण. रात्री कॅपवर आठ-दहा थेंब डिस्टिल्ड पाणी सोडायचं, हेड त्यावर बसवून बटणाने बंद करायचं, सकाळी एक क्लीनिंग आणि एक चाचणी. असं सलग तीन रात्री. रोज एक-दोन रेघा परत येत असतील तर चौथी आणि पाचवी रात्रही द्यायला हरकत नाही. तीन रात्रींत तसूभरही बदल नसेल तर पाक गोळीबंद झालाय, पाण्याने सुटणार नाही.

त्यानंतर उरतं ते `Power Cleaning`, ज्या मॉडेलमध्ये असेल त्यात. हे नळ्यांतली जवळजवळ सगळी शाई बदलून टाकतं, म्हणून त्याआधी प्रत्येक टाकी किमान एक तृतीयांश भरलेली असलीच पाहिजे, आणि ते केल्यावर पुन्हा बारा तासांची विश्रांती. हे एकदा करून पाहायचं. विश्रांतीनंतरही हवा अडकून राहिली असेल तर याने जमतं. वाळलेल्या भोकांवर मात्र याचा भरवसा धरू नका, कारण ओढ वाढली तरी ती उघड्या भोकांतूनच जाते, बुजलेल्यांतून नाही.

सिरिंजने हेडमध्ये दाबून पाणी मारायचे व्हिडिओ तुम्हाला कुणीतरी पाठवेलच. तुमचं हेड कायमचं बसवलेलं असेल तर हात लावू नका. एप्सन आणि ब्रदरच्या हेडमध्ये दाब देणारे बारीक स्फटिकाचे पडदे असतात, बाहेरून आलेल्या दाबाने आतल्या पातळ भिंती फुटून दोन रंग एकमेकांत मिसळतात, आणि पाणी वर सर्किटवर गेलं तर हेडबरोबर बोर्डही जातो. कॅनन आणि एचपीच्या बऱ्याच टाकीवाल्या प्रिंटरांत गोष्ट वेगळी असते. तिथे झाकण उघडलं की काडतुसासारखी दोन छोटी हेडं दिसतात, एक काळं, एक रंगीत, आणि ती खटक्याने बाहेर निघतात. अशा हेडचं बूड पाण्याने ओलसर केलेल्या कापडावर पाच मिनिटं टेकवून ठेवता येतं आणि अगदीच गेलं तर तेवढं एकच बदलता येतं. त्यांतल्या अनेकांत काळी शाई पिगमेंटची, म्हणजे पाण्यात न विरघळणाऱ्या कणांची असते. ती वाळली की रंगीत शाईपेक्षा हट्टी, म्हणून तिथे काळंच आधी रुसतं.

कारागिराकडे जायची वेळ आलीच तर तुम्ही काढलेले चाचणीचे सगळे कागद, मागे तारीख आणि वेळ लिहून, सोबत न्या. त्याला दहा मिनिटांत कळेल की काय झालंय. न पाहता ‘हेड गेलं’ म्हणणाऱ्याला कॅपवर पाणी टाकून पंप तपासलाय का, एवढं विचारा. आणि हेड बदलायचं म्हणालाच तर आधी नव्या हेडचा आणि नव्या प्रिंटरचा भाव शेजारी लिहून घ्या. घरगुती यंत्रात दोन्हींत फारसं अंतर नसेल तर तुमच्या वापराला हेड बदलण्यात अर्थ नाही. तुमच्याकडे उरलेली शाई नव्या प्रिंटरला चालते का ते बाटलीवरचा क्रमांक जुळवून पाहा. जुळत असेल तर न उघडलेल्या बाटल्या तेवढ्या वाया जाणार नाहीत.